वेगनरचे नाव आजारावरून का काढले

प्रश्न: आईच्या २००८ च्या कागदांवर ‘वेगनर्स ग्रॅन्युलोमॅटोसिस’ असे लिहिले आहे आणि आता नव्या डॉक्टरांनी ‘ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस’ लिहिले आहे. आजार बदलला की फक्त नाव? डॉक्टरांची किंवा गावांची नावे काढून हल्ली अशी लांबलचक नावे का देतात?

उत्तर: आजार तोच आहे, २०११ साली त्याचे नाव बदलले. संधिवात आणि रक्तवाहिन्यांचा दाह असलेले रुग्ण मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ तपासत आलो आहे. त्यातली निम्मी वर्षे हा आजार मी जुन्या नावाने लिहिला आणि निम्मी नव्या. या बदलाबद्दल दोन गोष्टी ऐकू येतात. कोणी म्हणते, वेगनर नाझी होते म्हणून त्यांचे नाव काढले. कोणी म्हणते, विज्ञान पुढे गेले म्हणून काढले. दोन्ही खरे आहे, पण यातले एकच कारण असते तर नाव इतक्या सहज बदलले नसते असे माझे मत आहे, म्हणून तुमच्या आईंच्या आजाराच्याच नावाचा प्रवास सांगतो.

फ्रीडरिश वेगनर हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ होते. १९३६ साली आणि पुढे १९३९ साली अधिक तपशिलाने त्यांनी तीन रुग्णांचे वर्णन केले. या रुग्णांचे नाक आणि श्वसनमार्ग आतून झिजून नष्ट झाले होते, लहान रक्तवाहिन्यांच्या भिंती दाहाने मृत झाल्या होत्या आणि मूत्रपिंडे निकामी झाली होती. अशी रुग्णचित्रे त्यांच्याआधी कोणी पाहिलीच नव्हती असे नाही. स्कॉटलंडमधील पीटर मॅकब्राइड यांनी १८९७ साली नाक आणि चेहरा झपाट्याने नष्ट झालेल्या एका रुग्णाची नोंद केली होती आणि १९३१ साली हाइन्झ क्लिंगर यांनीही असा एक रुग्ण नोंदवला होता. नाक, फुप्फुस आणि मूत्रपिंड यांतील बिघाड हा एकाच स्वतंत्र आजाराचा भाग आहे असे ठामपणे मांडण्याचे श्रेय मात्र वेगनर यांना मिळाले. १९५४ साली गॅब्रिएल गॉडमन आणि जेकब चर्ग यांनी अमेरिकेत या आजाराचा सविस्तर आढावा घेतला, त्यात वेगनर यांचे नाव वापरले आणि ते इंग्रजी वैद्यकात रुजले. चर्ग हे पोलंडमध्ये शिकून अमेरिकेत आलेले ज्यू होते. वेगनर यांचा पूर्वेतिहास तेव्हा समोर आलेला नव्हता. तो पुढे काय निघाला हे माहीत असलेल्या आजच्या वाचकाला ही गोष्ट चटका लावून जाते.

त्या काळात माणसाचे नाव देणे हा आळस नव्हता. आजाराचे कारण ठाऊक नव्हते, रक्ताची कोणतीही चाचणी नव्हती आणि रुग्ण फार काळ जगतही नसत. १९५८ सालच्या एका संकलनानुसार उपचाराविना रुग्ण सरासरी पाच महिनेच जगत आणि एका वर्षात ८२ टक्के दगावत. अशा वेळी माणसाचे नाव कोऱ्या चिठ्ठीसारखे उपयोगी पडते, कारण ते आजाराबद्दल काहीच सांगत नाही आणि म्हणून चुकीचेही ठरत नाही. वर्णनात्मक नावही त्या काळी होतेच. नाकापासून चेहऱ्याच्या मध्यभागी ऊती कुजत जाणाऱ्या रुग्णांना ‘लीथल मिडलाइन ग्रॅन्युलोमा’, म्हणजे मध्यरेषेतील प्राणघातक ग्रॅन्युलोमा, असे म्हणत. दिसते तेच सांगणारे हे नाव ऐकायला अगदी नेमके वाटते. पण त्याच्या पोटात निरनिराळे आजार दडलेले होते. त्यातले काही रुग्ण वेगनर यांच्या आजाराचे होते, तर पुष्कळांना लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, होता. या दोघांचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. ते नाव बाद झाले, तर वेगनर यांचे नाव पुढे कित्येक दशके टिकले. हा इतिहास माहीत असल्यामुळेच ‘वर्णनात्मक नाव केव्हाही चांगले’ हे विधान मला तितकेसे पटत नाही. वर्णन कशाचे करायचे हे आधी कळलेले असावे लागते.

ते १९८० च्या दशकात कळले. आपल्या रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये जंतूंचा नाश करणारी विकरे साठवलेली असतात. काही रुग्णांच्या रक्तात या पेशींच्याच अंतर्भागाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, अशी पहिली नोंद १९८२ साली झाली. आणि १९८५ साली याच प्रतिपिंडांचा वेगनर यांच्या आजाराशी घट्ट संबंध असल्याचे दाखवून देण्यात आले. या प्रतिपिंडांना आपण आज ‘अँका’ म्हणतो. तुमच्या आईंच्या कागदांत ‘पीआर ३’ नावाची चाचणी असेल. प्रोटिनेज ३ या न्यूट्रोफिलमधील विकराविरुद्धची प्रतिपिंडे ती मोजते. ही प्रतिपिंडे चिकटली की न्यूट्रोफिल चवताळतात आणि ज्या लहान रक्तवाहिन्यांतून ते वाहत असतात त्यांचीच भिंत जाळतात. यातून हेही समजले की हा आजार एकटा नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या दाहाचे आणखी दोन आजार अँका गटातील प्रतिपिंडांशी जोडलेले आहेत, आणि ही भावंडे आहेत ही गोष्ट गॉडमन आणि चर्ग यांनी १९५४ सालीच केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ओळखली होती. आता नावात सांगता येईल असे काहीतरी हाती आले होते. तरीही आणखी पंचवीस वर्षे नाव बदलण्याची कोणाला घाई वाटली नाही. सवय झालेली होती, पाठ्यपुस्तके छापलेली होती आणि रुग्णांनाही ते नाव पाठ झाले होते.

धक्का बसला तो वेगनर यांच्या चरित्रामुळे. १९८९ साली अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांचा विशेष गौरव केला होता आणि १९९० साली ते निवर्तले. त्यानंतर एरिक मॅटेसन आणि अलेक्झांडर व्होयवोट या दोन डॉक्टरांनी जुनी दप्तरे तपासली, आणि त्यांच्या हाती जे लागले ते २००६ साली प्रसिद्ध झाले. वेगनर १९३२ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्याही आधी, नाझींच्या ‘एसए’ या गणवेशधारी दलात दाखल झाले होते आणि पुढच्याच वर्षी पक्षाचे सदस्य झाले. युद्धकाळात जर्मनव्याप्त पोलंडमधील वुच शहरात, तिथल्या ज्यू वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, ते विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते. माणसांवरील प्रयोगांत त्यांचा प्रत्यक्ष हात असल्याचा पुरावा मात्र मिळालेला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. आजाराला नाव देणे हा एक सन्मान आहे आणि सन्मानासाठी गुन्हा सिद्ध न होणे एवढी एकच अट पुरेशी नाही, अशी भूमिका पुढे बहुतेकांनी घेतली. छातीरोगतज्ज्ञांच्या त्या संघटनेने आपला गौरव मागे घेतला.

२०११ साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांची आणि मूत्रपिंडतज्ज्ञांची संघटना तसेच युरोपातील संधिवाततज्ज्ञांची संघटना यांनी मिळून ‘ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस’ हे नाव सुचवले. काही वर्षे जुने नाव कंसात ठेवावे, असेही त्यांनी सांगितले. हा कंस शिष्टाचारासाठी नव्हता. १९७० च्या दशकात सायक्लोफॉस्फमाइड या औषधाने या आजारातले मरण थांबवता येते हे दाखवणारे सारे लेखन जुन्याच नावाखाली आहे. कंस नसता तर नव्या डॉक्टरला ते शोधूनही सापडले नसते.

आता हे लांबलचक नाव उलगडून दाखवतो. ‘ग्रॅन्युलोमा’ म्हणजे दाह करणाऱ्या पेशींचा गाठीसारखा पुंजका, तर ‘पॉलिअँजायटिस’ म्हणजे अनेक रक्तवाहिन्यांचा दाह. एका शरीरात या दोन प्रक्रिया शेजारी शेजारी चाललेल्या असतात आणि त्या वेगवेगळ्या अवयवांत दिसतात. माझ्या एका रुग्णाचे उदाहरण देतो. हे बावन्न वर्षांचे शिक्षक होते. त्यांच्या नाकात सात महिने रक्ताळलेल्या खपल्या धरत होत्या आणि एका कानाने कमी ऐकू येत होते. प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले, सायनसची शस्त्रक्रियाही झाली. त्या वेळी काढलेल्या तुकड्याच्या अहवालात ‘दीर्घकालीन दाह’ एवढेच दोन शब्द होते. मग खोकला सुरू झाला आणि छातीच्या स्कॅनमध्ये दोन गाठी दिसल्या, त्यातली एक आतून पोकळ होती. ते माझ्याकडे आले ते सांधे दुखतात म्हणून. लघवीत प्रथिने आणि तांबड्या पेशी होत्या आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन तीन आठवड्यांत ०.९ वरून २.३ वर गेले होते. पीआर ३ प्रतिपिंडांचे प्रमाण खूप वाढलेले होते. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत अठरा गाळण्यांपैकी अकरा गाळण्यांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराचे, दाहाने आलेले डाग होते. ग्रॅन्युलोमा मात्र एकही नव्हता.

नाक आणि फुप्फुसातल्या गाठी हा नावाचा पहिला भाग, आणि मूत्रपिंड हा दुसरा. पहिला भाग महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि सर्दीसारखा भासतो; दुसरा काही आठवड्यांत मूत्रपिंड घेऊन जातो. नव्या नावाने लिहिलेले निदान वाचणारा कोणताही डॉक्टर, मग तो या विषयातला नसला तरी, ‘पॉलिअँजायटिस’ या शब्दापाशी थबकतो आणि लघवी तपासायला सांगतो. ‘वेगनर’ या शब्दात ही सूचना नव्हती. ज्याने तो धडा वाचला होता त्यालाच ती ठाऊक असे. या शिक्षकांना स्टिरॉइड आणि रिटुक्सिमॅब दिल्यावर क्रिएटिनिन १.५ वर स्थिरावले. सायनसच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच लघवी तपासली असती तर ते त्याहून कमी राहिले असते का, याचा विचार मी अजूनही करतो.

नव्या नावाच्या अडचणीही याच रुग्णाने मला दाखवल्या. मूत्रपिंडाच्या अहवालात ग्रॅन्युलोमा नव्हता, म्हणून त्यांच्या मुलाने विचारले, “मग निदान चुकले का?” चुकले नव्हते. नाकातून काढलेल्या छोट्या तुकड्यांत ग्रॅन्युलोमा, रक्तवाहिनीचा दाह आणि मृत ऊती हे तिन्ही एकत्र दिसणे हा अपवाद आहे, आणि मूत्रपिंडात ग्रॅन्युलोमा सहसा सापडतच नाही. वर्णनात्मक नाव संपूर्ण आजाराचे वर्णन करते, एखाद्या रुग्णाच्या एखाद्या तुकड्याचे नव्हे. काही रुग्णांत तर आजार नाक-कानापुरताच राहतो आणि पॉलिअँजायटिसचा पत्ताही नसतो, तरी नाव तेच. दुसरी अडचण शब्दांची आहे. ‘ग्रॅन्युलोमा’ हा शब्द क्षयाच्या अहवालांतही येतो आणि त्याच्या शेवटी असलेला ‘ओमा’ ऐकून माणसे कर्करोग समजतात. वेगनर या नावाने किमान कोणी घाबरत तरी नसे.

यावरून सगळीच माणसांची नावे पुसली जात आहेत असे समजू नका. चॅपल हिल येथील परिषदेने २०१२ साली रक्तवाहिन्यांच्या दाहांची नवी नामावली ठरवली, तेव्हा लावलेली कसोटी मला फार शहाणपणाची वाटते. आजाराची यंत्रणा ज्या ठिकाणी समजली आहे तिथे नाव बदलावे, आणि जिथे समजलेली नाही तिथे माणसाचे नाव राहू द्यावे. हेनॉक आणि शोनलाइन यांच्या नावाचा आजार ‘आयजीए व्हॅस्क्युलायटिस’ झाला, कारण त्यात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आयजीए हे प्रतिपिंड साठते हे निर्विवाद आहे. हेनॉक किंवा शोनलाइन यांच्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. कावासाकी आणि ताकायासू या आजारांची नावे मात्र तशीच ठेवली, कारण त्यांचे मूळ कारण आजही हाती लागलेले नाही. जेकब चर्ग आणि लोटे स्ट्रॉस यांचे नाव असलेल्या आजारालाही ‘इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस’ म्हणू लागले. वेगनर यांचे नाव गेले, आणि युरोपातून अमेरिकेत आलेल्या या दोन ज्यू डॉक्टरांचेही गेले. कुटुंबातल्या एका भावंडाचे नाव बदलले की दुसऱ्याचे त्याला जुळवून घ्यावे लागते, एवढाच त्यामागचा हिशेब आहे, पण मला तो थोडा कोरडा वाटतो.

शिवाय वर्णनही जुने होते. यकृताच्या एका आजाराचे ‘प्रायमरी बिलियरी सिरॉसिस’ हे नाव कोणत्याही डॉक्टरचे नव्हते, तरी २०१५ साली त्यातला ‘सिरॉसिस’ काढून ‘कोलँजायटिस’, म्हणजे पित्तनलिकांचा दाह, असे लिहायचे ठरले, कारण लवकर निदान होऊ लागल्यामुळे बहुतेक रुग्णांना सिरॉसिस नसतोच आणि तो शब्द ऐकून त्यांच्यावर मद्यपी असल्याचा संशय घेतला जात असे. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थ ‘वाईट हवा’ असा आहे. तेही एके काळचे वर्णनच.

गावांच्या नावांचे कारण मात्र निराळे आहे. तिथे विज्ञानापेक्षा तिथल्या माणसांना होणारा त्रास महत्त्वाचा ठरला. १९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात एका नव्या हंताविषाणूने तरुण माणसे दगावू लागली. तेथील नवाहो लोकांना बाहेरचे टाळू लागले, जणू ते स्वतःच आजार घेऊन फिरत होते. विषाणूला आधी तिथल्या एका दरीचे नाव सुचवले गेले, ते रहिवाशांनी नाकारले, आणि शेवटी ‘सिन नोम्ब्रे’ हे नाव ठरले. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘निनावी’. मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या आजारांना गाव, देश, माणूस, प्राणी किंवा व्यवसाय यांची नावे देऊ नयेत असे मार्गदर्शन केले. ते नव्या आजारांपुरते आहे, म्हणून इबोला आणि लाइम ही नावे आजही चालू आहेत. मंकीपॉक्सचे नाव तरीही २८ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘एमपॉक्स’ करण्यात आले आणि एक वर्ष दोन्ही नावे बरोबर वापरण्याची मुभा दिली गेली, म्हणजे पुन्हा तोच कंस. गावाचे नाव काढताना नवे नाव फार काही सांगणारे असावे लागत नाही. ‘निनावी’सुद्धा चालते. डॉक्टरचे नाव काढताना मात्र त्याच्या जागी काय लिहायचे हे माहीत असावे लागते, आणि वेगनर यांचे नाव इतका काळ टिकण्यामागे हेही एक कारण होते.

तुमच्या आईंच्या बाबतीत सांभाळण्याची गोष्ट एकच आहे. नाव बदलण्याच्या या काळात एकाच फाइलमध्ये दोन नावे असली की ते दोन आजार आहेत असा समज होतो. एका रुग्णालयातल्या संगणकीय नोंदीत माझ्या एका रुग्ण बाईंचे हे दोन्ही आजार वेगवेगळ्या ओळींवर लिहिलेले मी स्वतः पाहिले आहेत, पुढे भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना विचारले, “यातला कोणता बरा झाला?” त्यातच आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या आजाराचा संकेतांक M31.3 आहे आणि त्यापुढे अजूनही वेगनर यांचेच नाव छापलेले आहे. त्यामुळे विम्याच्या अर्जावर डॉक्टरांनी लिहिलेले नाव आणि संकेतांकापुढचे नाव जुळले नाही तर गोंधळू नका. दोन्ही बरोबर आहेत. फाइलच्या पहिल्या पानावर नवे नाव, त्यापुढे कंसात जुने नाव, निदानाचे वर्ष, पीआर ३ चा निकाल आणि कोणकोणते अवयव बाधित झाले होते हे तुमच्या डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या. आणि २००८ साली मूत्रपिंडाला काही झाले नव्हते असे जरी त्या कागदांवर असले, तरी दर तपासणीच्या वेळी लघवी तपासली जाते आहे ना, हे तेवढे विचारा.